रशियनमधलं 'उशोल' आणि 'उयेखल'

प्रश्न: रशियनमध्ये पायी जाणं आणि गाडीने जाणं वेगळं असतं, त्यात ते प्रिफिक्स, कसं लक्षात ठेवायचं?

प्रिफिक्स दिशा सांगतो आणि मागचं क्रियापद कशाने गेला ते सांगतं, एवढं धरून चला. 'उ' म्हणजे निघून जाणं, 'प्रि' म्हणजे येऊन पोचणं. ऑफिसात फोन केलात आणि 'ओन उशोल' ऐकलं तर साहेब ऑफिसातून निघून गेलेत, पण 'ओन उयेखल' म्हटलं तर गाडीने गेलेत, बहुतेक गावालाच, मग आज भेटायची आशा सोडा. मॉस्कोहून दुसऱ्या शहरात आल्यावर 'प्रिशोल' म्हणालात तर लोक विचारतील चालत आलात की काय, तिथे 'प्रियेखल' पाहिजे, विमानाने आलात तर 'प्रिलितेल'. बाई असेल तर 'उश्ला', 'उयेखला'. आणि गंमत म्हणजे बस स्वतः येते तेव्हा ती 'इद्योत', पायी जाण्याचंच क्रियापद!