रॅकचा कोटेशन पास करण्याआधी हे वाच

अगं, तुझा मेल आणि सोबतचा स्टॉक रिपोर्ट दोन्ही नीट वाचले. भिवंडीच्या नव्या गोडाऊनसाठी व्हेंडरने ड्राइव्ह-इन रॅक सुचवलंय, म्हणतोय नेहमीच्या सिलेक्टिव्ह रॅकपेक्षा ६० टक्के जास्त पॅलेट बसतील, आणि तुझ्या मॅनेजरला तो आकडा आवडलाय. आकडा खोटा नाहीये. पण तो रिकाम्या रॅकचा आकडा आहे, माल भरल्यावर आणि रोज डिस्पॅच सुरू झाल्यावरचा नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

आधी हा ६० टक्के येतो कुठून ते बघ. आपली पॅलेट १२०० बाय १००० मिलिमीटरची. सिलेक्टिव्हमध्ये प्रत्येक पॅलेटपर्यंत थेट पोचता येतं, म्हणून दोन रांगा पाठीला पाठ लावून, मग रीच ट्रकसाठी, म्हणजे पॅलेट उचलणाऱ्या गाडीसाठी, साधारण ३ मीटरची मोकळी वाट म्हणजे आयल, मग परत दोन रांगा. म्हणजे प्रत्येक दोन पॅलेटच्या खोलीमागे एक अख्खा आयल जातो, आणि जमिनीचा हिशोब केला तर एका पॅलेटला आयलसकट अंदाजे ३.२ चौरस मीटर पडतात. ड्राइव्ह-इनमध्ये ६ पॅलेट एकामागे एक जातात, गाडी रॅकच्या आतच शिरते, त्यामुळे एकच आयल समोरासमोरच्या १२ पॅलेटना पुरतो, आणि तोच हिशोब साधारण २ चौरस मीटरवर येतो. ३.२ भागिले २, झाले ६० टक्के जास्त. इथपर्यंत व्हेंडर बरोबर आहे.

आता लेन, म्हणजे गाडी आत शिरते ती रॅकमधली एक गल्ली. ६ खोल आणि ४ लेव्हल म्हणजे एका लेनमध्ये २४ पॅलेट. आतली पॅलेट काढायची तर पुढच्या आधी निघायला हव्यात, म्हणून एका लेनमध्ये एकच आयटम ठेवायचा, आणि एक्स्पायरीचा माल असेल तर एकच बॅच. समज २४ पॅलेटची बॅच आली, लेन फुल्ल झाली. रोज एक पॅलेट निघते. दहाव्या दिवशी लेनमध्ये १४ आहेत आणि १० जागा रिकाम्या, पण त्या १० जागांत तू दुसरं काही ठेवू शकत नाहीस, ठेवलंस तर मागचा माल अडकला. पहिल्या दिवसापासून शेवटच्या पॅलेटपर्यंत सरासरी काढ, लेन ५२ टक्केच भरलेली असते. म्हणजे ते २ चौरस मीटर प्रत्यक्षात ३.८ च्या आसपास गेले. सिलेक्टिव्हमध्ये पॅलेट निघाली की ती जागा लगेच कुठल्याही मालाला मोकळी, म्हणून ९० टक्के भरलेलं धरलं तरी तिथे ३.६ च्या आतबाहेर येतं. म्हणजे या आयटमसाठी ड्राइव्ह-इन घेऊन तू जागा वाचवलीच नाहीस, उलट थोडी जास्तच घालवलीस आणि वर प्रत्येक पॅलेटपर्यंत पोचायची सोयही गेली.

पण तोच हिशोब २४० पॅलेटच्या बॅचला लाव. १० लेन भरल्या, एकेक करून रिकाम्या केल्या, जी पूर्ण रिकामी झाली ती लगेच दुसऱ्या मालाला दिली. कुठल्याही दिवशी अर्धवट असते ती एकच लेन. सरासरी ९१ टक्के येते. इथे ड्राइव्ह-इनला तोड नाही. म्हणून ड्राइव्ह-इन चांगलं की वाईट हा प्रश्नच नको विचारूस, तुझी एक बॅच किती लेन भरते ते विचार. ५ च्या वर असेल तर बिनधास्त जा, एक-दोन असेल तर सोड.

मधल्या मालासाठी पुश-बॅक. यात गाडी आत शिरत नाही. उतारावरच्या रुळांवर ट्रॉल्या असतात, पहिली पॅलेट ट्रॉलीवर ठेवायची, दुसरी ठेवताना तिने पहिलीला मागे ढकलायचं, असं ४ पर्यंत. पुढची काढली की मागची आपोआप पुढे येते. महत्त्वाचं हे की प्रत्येक लेव्हल ही स्वतंत्र लेन आहे, म्हणजे लेन २४ ची नाही, ४ ची. तीच २४ पॅलेटची बॅच इथे सरासरी ८९ टक्के भरलेली राहते! ६ पॅलेटची बॅच मात्र इथेही ६६ वर येते, तिला सिलेक्टिव्हच बरं. पैसे जास्त लागतात, आणि उतार व ट्रॉल्यांमुळे प्रत्येक लेव्हलला थोडी थोडी उंची जाते, कमी उंचीच्या शेडमध्ये कधी कधी एक अख्खी लेव्हलच जाते, तेव्हा ड्रॉइंगवर छतापर्यंतचं माप स्वतः तपास. आणि ड्रायव्हरला शिकवायचं की पॅलेट झटकन ओढायची नाही, हळू मागे यायचं म्हणजे मागची तिला टेकूनच पुढे येते, नाहीतर ती सुटते आणि पुढच्या स्टॉपरवर धाडकन आदळते. खालच्या फळ्या तुटलेली पॅलेट तर इथे चढवूच नको, ट्रॉलीत अडकली की सगळी लेन ठप्प.

ड्राइव्ह-इन घेतलंस तर एका गोष्टीवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेव. लेनमध्ये १० जुन्या पॅलेट शिल्लक आहेत, ट्रक दारात उभा आहे, जागा नाहीये, मग सुपरवायझर नवा माल त्याच लेनमध्ये पुढे लावतो. पुढच्या आठवड्यात परत तेच. पुढचा माल येतो-जातो आणि मागच्या १० तिथेच, एक्स्पायरी होईपर्यंत. सिस्टिममध्ये काहीच दिसत नाही, कारण तिथे लोकेशन म्हणून फक्त लेन नंबर आहे आणि स्टॉक टोटल जुळतो. ओळखायचं कसं, तर जी लेन दोन महिन्यांत एकदाही शून्यावर आली नाही तिची यादी काढ आणि सगळ्यात मागच्या पॅलेटची मॅन्युफॅक्चरिंग डेट वाचून घे. नियम एकच, लेन शून्य झाल्याशिवाय नवा माल नाही, आणि हा नियम मोडायची परवानगी रात्रीच्या शिफ्टला अजिबात नको.

दुसरं, तिथे उभे खांब जास्त मार खातात. गाडी आत जायची म्हणून लेनला आडवे बीम नसतात, पॅलेट फक्त दोन्ही कडांनी रेलवर टेकलेली असते. गाडीचा धक्का लागून खांब बाहेरच्या बाजूला वाकला की रेलमधलं अंतर वाढतं आणि वरची टनभराची पॅलेट टेकायची ती बोटभर कडच कमी होते. एक मीटरची सरळ पट्टी खांबाला लाव, आयलच्या लांबीच्या दिशेने ५ मिलिमीटर किंवा लेनच्या खोलीच्या दिशेने ३ मिलिमीटरच्या वर फट दिसली तर इंजिनियर येऊन बघेपर्यंत लेन बंद. सुरुवात लेनच्या तोंडाच्या खांबांपासून कर, गुडघ्याच्या उंचीला, रंग तिथेच आधी उडतो.

तुझ्या रिपोर्टवर मी पेन्सिलने खुणा केल्यात. तेलाचे आणि साबणाचे जे मोठे आयटम आहेत, ज्यांची बॅच दीडशे-दोनशे पॅलेटची येते, ते ड्राइव्ह-इनला. १५ ते ४० वाले पुश-बॅकला. बाकी ती लांबलचक शेपटी, २-३ पॅलेटचे आयटम, परत आलेला माल, क्यूसीने अडवलेला माल, सगळं सिलेक्टिव्हला. पण तुझा रिपोर्ट आयटमवार आहे, बॅचवार नाही, आणि ८० पॅलेटचा आयटम म्हणजे २० च्या चार बॅच असतील तर माझी खूण चुकीच्या कॉलमात आहे. तेव्हा गेल्या बारा महिन्यांचं बॅचवार पावत्यांचं एक्सेल काढ, मार्च एंडचा महिना वेगळा ठेव, आणि ते पाठव. व्हेंडरला तोपर्यंत सांग की तिन्ही प्रकार मिळून एक लेआउट दे, आणि ड्रॉइंगवर प्रत्येक ब्लॉकची नुसती पॅलेट पोझिशन नको, लेन किती आणि एका लेनमध्ये किती पॅलेट तेही लिहून दे.