अर्धशिशीवरच्या गोळ्याच डोकेदुखी वाढवतात का?

प्रश्न: अर्धशिशीच्या आधी मला डोळ्यांपुढे चमकती नागमोडी रेघ दिसते. पूर्वी महिन्यातून दोन-तीनदा डोकं दुखायचं, आता आठवड्यातले चार-पाच दिवस दुखतं. पॅरासिटामॉल आणि कॅफिनची गोळी घेतली की तेवढ्यापुरतं थांबतं. गोळ्यांमुळेच दुखणं वाढतं, असं खरंच होतं का?

उत्तर: हो, होतं. मी डोकेदुखीचे रुग्ण तपासते आणि तुमच्यासारखी हकीकत वारंवार ऐकते.

सगळ्यात आधी गोळ्या मोजणं सोडा आणि दिवस मोजा. एका दिवशी एक घेतली काय किंवा तीन घेतल्या काय, तो गोळीचा एक दिवस. आठवड्याला चार-पाच म्हणजे महिन्याला अठरा-वीस दिवस झाले. नुसतं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन महिन्यात 15 किंवा त्याहून जास्त दिवस घेतलं, तर धोका सुरू होतो. कॅफिन मिसळलेल्या गोळ्या, अर्धशिशीच्या झटक्यावरची ट्रिप्टान गटातली खास औषधं आणि कोडीनसारखी अफूच्या गटातली वेदनाशामकं यांच्यासाठी ही मर्यादा 10 दिवसांचीच आहे. असं तीन महिन्यांहून जास्त चाललं आणि डोकं महिन्यातले निम्मे किंवा जास्त दिवस दुखू लागलं, की त्याला औषधांच्या अतिवापराची डोकेदुखी म्हणतात. तुम्ही ती रेषा केव्हाच ओलांडली आहे.

हे व्यसन आहे असं समजून स्वतःला दोष देऊ नका. अर्धशिशीच्या रुग्णाचा मेंदू मुळातच वेदनेला हळवा असतो. वेदनाशामकं सतत मिळत राहिली की वेदना आवरणारी त्याची स्वतःची यंत्रणा मंदावते आणि पूर्वी जाणवलंही नसतं अशा कारणानं डोकं दुखू लागतं. कॅफिनमुळे आणखी एक गोष्ट होते. त्याचा असर उतरला की तेवढ्यानंही डोकं दुखतं, आणि माणूस पुढची गोळी घेतो. पाठदुखीसाठी हीच औषधं रोज घेणाऱ्या, पण अर्धशिशी नसलेल्या माणसाला सहसा हा त्रास होत नाही. हे ओळखायची खूण अशी: सकाळी उठतानाच डोकं जड असतं, गोळीचा गुण येतो पण पूर्वीपेक्षा लवकर ओसरतो.

यातून सुटायचं तर ती गोळी थांबवावी लागते. तुमची गोळी साधारणपणे एकदम बंद करता येते. कोडीन किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, तर मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करायच्या. पहिले दोन ते दहा दिवस वाईट जातात. डोकं जास्त ठणकतं, मळमळतं, झोप लागत नाही. नेमकं इथेच बहुतेक जण माघार घेतात, म्हणून कामाचा ताण कमी असेल असा आठवडा निवडा आणि डॉक्टरांकडून मळमळीचं औषध आधीच लिहून घ्या. खरा फरक कळायला दोन महिने लागतात.

त्याच वेळी प्रतिबंधक औषध सुरू करणं मला योग्य वाटतं. प्रोप्रानोलॉल, टोपिरामेट, अमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन यांपैकी कोणतं, हे तुमचा दमा, वजन, मनःस्थिती आणि गरोदरपणाचा विचार यांवरून ठरतं. टोपिरामेट गरोदरपणात घेऊ नये. ही औषधं डोकं दुखतं त्या दिवसापुरती नसतात. रोज घ्यायची, आणि पुरेशा मात्रेत दोन-तीन महिने घेतल्याशिवाय 'उपयोग नाही' म्हणून सोडायची नाहीत. झटके निम्म्यावर आले तरी औषध लागू पडलं असं आम्ही मानतो.

झटक्यावरचं औषध मात्र वेळेवर आणि पुरेसं घ्यावं. ट्रिप्टान नागमोडी रेघ दिसताना नको, दुखणं सुरू होताच घ्या. हृदयविकार असेल तर ट्रिप्टान चालत नाही. अशी औषधं आठवड्यातून दोनच दिवस, एवढा नियम पाळला तरी पुन्हा या फेऱ्यात अडकण्याचा धोका बराच कमी होतो.

झटका ओढवणाऱ्या कारणांबद्दल थोडंच सांगते, कारण लोक त्यांच्या मागे लागून ताटातले निम्मे पदार्थ उगाच वगळतात. अनियमित झोप, चुकलेलं जेवण, पाळीच्या आसपासचे दिवस, मद्य, आणि ताण संपल्यावरचा सुट्टीचा दिवस ही नेहमीची कारणं. गोड खावंसं वाटणं, जांभया येणं, मान आखडणं ही मात्र पुष्कळदा झटका आधीच सुरू झाल्याची लक्षणं असतात. चॉकलेट खाल्लं म्हणून डोकं दुखलं असं वाटतं, पण खावंसं वाटलं तेच झटक्यामुळे.

तुमच्या नागमोडी रेघेला ऑरा म्हणतात. मेंदूच्या पृष्ठभागावरून विद्युत्-क्रियेची एक लाट मिनिटाला सुमारे तीन मिलीमीटर वेगानं सरकते, म्हणून रेघ हळूहळू पसरते आणि पाच मिनिटं ते तासाभरात विरते. ती तासाहून जास्त टिकली, एकाच डोळ्यापुढे अंधार आला, अचानक हात-पाय लुळे पडले, बोलणं अडखळलं किंवा क्षणात भयंकर डोकेदुखी उसळली, तर गोळी न शोधता थेट रुग्णालय गाठा. आणि तुम्ही इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल, तर ऑरा येतो हे डॉक्टरांना आजच सांगा. या दोन्हींमुळे पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून तुम्हाला दुसरं गर्भनिरोधक लागेल.