कुळमुखत्यार नव्हे, कुलमुखत्यार

प्रश्न: 'माझे वडील ७९ वर्षांचे आहेत, पुण्यात एकटे राहतात. फ्लॅट, बँक आणि सोसायटीची कामं माझ्या भावाकडे सोपवायला कुळमुखत्यारपत्र करायचं चाललंय. वडील म्हणतात, "कुळ म्हणजे घराण्यातल्याच माणसाला देतात, आणि एकदा दिलं की माझं काही उरत नाही." हे बरोबर आहे का? त्यांना नेमकं काय सांगू?'

आधी तो 'ळ' काढून टाका. 'कुळमुखत्यारपत्र' हे वकिलांच्या पाट्यांवर, वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशींत आणि आता नोंदवलेल्या दस्तांतही सर्रास दिसतं, आणि दर वेळी मला त्याचा राग येतो. या शब्दाचा घराण्याशी संबंध नाही आणि कूळकायद्यातल्या कुळाशीही नाही. हा अरबी 'कुल्ल' आहे, म्हणजे सगळा. आपल्या जुन्या इनामपत्रांत तो ठायी ठायी भेटतो: 'कुलबाब कुलकानू, हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी'. सगळ्या बाबी, सगळे कर, आजची पट्टी आणि पुढे बसेल तीही. तेव्हा मुखत्यार घराण्यातलाच हवा हा तुमच्या वडिलांचा समज केवळ एका अक्षराने निर्माण केला आहे. शेजारी, मित्र, भाचा, कोणीही सज्ञान विश्वासू माणूस मुखत्यार होऊ शकतो.

पण त्याच इनामपत्रांत पुढे काय येतं ते बघा: 'खेरीज हक्कदार व इनामदार करून'. सगळं दिलं म्हणताना लगेच काय दिलेलं नाही तेही लिहिलं. ही जुनी शिस्त आजच्या छापील मसुद्यांनी घालवली. बहुतेक मसुद्यांत पंचवीसेक कलमं असतात आणि शेवटी 'व इतर सर्व कामे' अशी शेपटी. न्यायालयं मुखत्यारपत्र काटेकोर वाचतात. फ्लॅटची देखभाल करावी, भाडं घ्यावं असं लिहिलं असेल तर त्यातून विकण्याचा अधिकार निघत नाही, आणि ती शेपटीही वर नावानिशी लिहिलेल्या कामांपुरतीच धरली जाते. म्हणून वडिलांना सांगा, मसुद्यात 'खेरीज' लिहून घ्या: फ्लॅटची विक्री, गहाण आणि बक्षीसपत्र खेरीज करून, मुदत ठेवी मोडणं खेरीज करून. मग उरतं ते पेन्शनच्या खात्यातून घरखर्च आणि दवाखान्याचं बिल भागवणं, सोसायटीच्या सभेला बसणं, मालमत्ता कर आणि वीजबिल भरणं. वडिलांना एवढंच तर हवं आहे.

आता 'मुखत्यार'. काही संस्कृतप्रेमी मंडळी याची फोड 'मुख' अशी करून दाखवतात, दुसऱ्याच्या मुखाने बोलतो तो. मी ही फोड भाषणांत ऐकली आहे आणि ती साफ चूक आहे. शब्द अरबी 'मुख्तार', धातू खे-ये-रे: निवडणं, चांगलं असणं. याच धातूचा 'इख्तियार' म्हणजे आपला 'अखत्यार', आणि 'खैर' व 'खैरात' ही त्याचीच भावंडं. मला सगळ्यात आवडतं ते हे की अरबी व्याकरणात 'मुख्तार' या एकाच रूपाचे दोन अर्थ होतात: निवडणारा आणि निवडलेला. फारसीत पहिला अर्थ बळावला, 'खुदमुख्तार' म्हणजे स्वतःच्या मर्जीचा धनी. मराठी दस्तात दुसरा उरला. तरी माझं ठाम मत आहे की पहिला अर्थ दस्तातून कधी गेलाच नाही. निवडणारा शाबूत आहे तोवरच निवडलेला मुखत्यार. आणि भारतीय करार कायदा, १८७२ हेच सांगतो.

मुखत्यार नेमल्याने वडिलांचे हात बांधले जात नाहीत. चेकवर सही तेही करतील, भाऊही करेल. भावाने खर्चाचा हिशेब मागितल्यावर दिलाच पाहिजे. वडील वाटेल तेव्हा मुखत्यारपत्र रद्द करू शकतात, कारण सांगायची गरज नाही. दस्तात 'अपरिवर्तनीय' असं छापलेलं असलं तरी नुसत्या त्या शब्दाने ते तसं होत नाही. त्या मालमत्तेतच मुखत्याराचा हितसंबंध असावा लागतो, उदाहरणार्थ त्याने फ्लॅटच्या तारणावर पैसे दिले असतील आणि त्याच वसुलीसाठी अधिकार दिला असेल. उद्याचा वारस असणं हा तसा हितसंबंध नव्हे.

रद्द करताना मात्र लोक हमखास चुकतात. समजा वडिलांनी १ तारखेला रद्द करण्याचा लेख केला, ३ तारखेला भावाला कळवलं आणि बँकेला कळवायचं राहिलं. ५ तारखेला भावाने पन्नास हजार काढले. भावाचा अधिकार ३ तारखेलाच संपला होता, म्हणून तो पैशांना जबाबदार. पण बँकेला ठाऊक नव्हतं, तिने सद्भावनेने पैसे दिले, तिला जाब विचारता येणार नाही. कायद्याचं म्हणणं असं की रद्द होणं ज्याला त्याला कळेल तेव्हा त्याच्यापुरतं लागू होतं. म्हणून मूळ दस्त नोंदवला असेल तर रद्दलेखही नोंदवायचा, मुखत्याराकडची मूळ प्रत परत घ्यायची आणि बँक, सोसायटी, भाडेकरू यांना लेखी कळवून पोच घ्यायची. वर्तमानपत्रातली नोटीस ही त्यावरची भर. वडिलांना दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाणं झेपत नसेल तर मुखत्यारपत्र करताना निबंधक घरी येऊ शकतो, अशी सोय नोंदणी कायद्यातच आहे.

'प्राधिकारपत्र' म्हणा असं सुचवणाऱ्या परिभाषाकारांशीही माझं पटत नाही. प्राधिकारपत्र घेऊन माणूस पासबुक आणायला जातो. त्या शब्दात निवडणारा कुठेच दिसत नाही, आणि म्हणूनच 'पॉवर दिली म्हणजे फ्लॅट नावावर झाला' असली वाक्यं खपतात. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प विरुद्ध हरियाणा राज्य या निकालात स्पष्ट सांगितलं आहे. मुखत्यार वडिलांच्या वतीने मृत्युपत्रही करू शकत नाही.

वडिलांना सगळ्यात आधी सांगायची गोष्ट मात्र बहुतेक घरांत कोणी सांगत नाही. पुढे विसरायला लागलो तर कामाला येईल, म्हणून लोक हा कागद करून ठेवतात. आपल्याकडे तो नेमका तेव्हाच निकामी होतो. देणाऱ्याचं मानसिक संतुलन गेलं किंवा तो वारला की अधिकार संपतो, मग दस्तात काहीही लिहिलेलं असो. 'मी अक्षम झाल्यावरही चालू राहील' ही इंग्लंड-अमेरिकेतल्या मसुद्यांतून उचललेली ओळ आपल्या कायद्यापुढे टिकत नाही. स्मृतिभ्रंश झाल्यावर कुटुंबाला पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं, आणि तिथे वैद्यकीय तपासणीपासून सुरुवात होते. त्या दिवसासाठी वडिलांनी आजच, शुद्धीत असताना, भावाबरोबर, दोघांपैकी कोणीही चालवू शकेल असं एक संयुक्त खातं उघडावं, नामनिर्देशन तपासावं आणि मृत्युपत्र वेगळं करावं. संयुक्त खात्यात मात्र घरखर्च आणि दवाखान्यापुरतीच रक्कम ठेवावी, कारण तिथे 'खेरीज' लिहायला जागा नसते.