पावत्यांसाठी जुनी फुकट पीडीएफ लायब्ररी घ्यावी का?

प्रश्न: गोरेगावात आमची छोटी कंपनी आहे. हाऊसिंग सोसायट्यांच्या मेन्टेनन्स बिलांचं वेब सॉफ्टवेअर विकतो. जावात पावतीची पीडीएफ काढायला कोणीतरी iText 2.1.7 सुचवलंय, फुकट आहे म्हणून. घ्यावी का?

नका घेऊ. 2.1.7 आहे २००९ सालची. लोक अजून तिला चिकटून आहेत ते परवान्यामुळे, कारण त्याच वर्षी आलेल्या iText 5 पासून परवाना एजीपीएल झाला. एजीपीएलखाली तुमचं सॉफ्टवेअर वेबवरून वापरणाऱ्या सोसायट्यांना त्याचा सोर्स द्यायची पाळी येऊ शकते. ते नको असेल तर व्यावसायिक परवाना विकत घ्यायचा.

खरी अडचण पुढे आहे. iText च्या एक्सएमएल पार्सरमधला दोष CVE-2017-9096 म्हणून नोंदला गेला आणि दुरुस्ती आली 5.5.12 मध्ये, म्हणजे एजीपीएलच्या कुंपणाआड. तुम्ही बाहेरचं एक्सएमएल वाचत नसाल तर कदाचित काही बिघडणार नाही. पण उद्या एखाद्या मोठ्या ग्राहकाच्या सिक्युरिटी स्कॅनमध्ये हा नंबर निघाला, तर तुमच्याकडे चढवायला नवी आवृत्तीच नसेल. लायब्ररी सोडून दिलेली असणं म्हणजे हेच.

त्याच जुन्या कोडपासून निघालेली OpenPDF बघा. परवाना एलजीपीएल किंवा एमपीएल, यातला हवा तो. तिच्या 1.3 मालिकेत com.lowagie हीच पॅकेजची नावं असल्याने जुना नमुना कोड बराचसा तसाच चालतो. पण तिलाही तपासूनच घ्या. रेपो क्लोन करून हे चालवा:

```
git shortlog -sn --since="1 year ago" HEAD
```

बॉटची नावं वगळा. उरलेल्यांत जवळजवळ सगळं काम एकाच माणसाचं दिसलं, तर तो थांबला की लायब्ररीही थांबली असं धरा. गिटहबच्या स्टारांकडे मी बघत नाही, ते कोणी काढून घेत नाही. त्यापेक्षा गेल्या काही महिन्यांत आलेले बग कोणी बंद केले का, ते वाचा.

आकाराचं म्हणाल, तर सर्व्हरवर जारचे एमबी मोजू नका. `mvn dependency:tree` चालवून तिच्यामागून आणखी काय काय आत येतंय ते बघा. त्या प्रत्येकाचा परवानाही तुमच्याच गळ्यात पडतो.

आणि तुमच्या कामाची सगळ्यात महत्त्वाची चाचणी: पावतीवर ‘शिर्के’ छापा. ऱ्हस्व वेलांटी ‘श’च्या आधी आणि रफार ‘क’वर आला पाहिजे. साध्या पद्धतीने मजकूर टाकला तर जुनी iText अक्षरं युनिकोडच्या क्रमानेच मांडते, आणि वेलांटी ‘श’च्या मागे जाऊन बसते. इथे नापास झाली तर बाकी सगळं ठीक असूनही ती तुमच्या उपयोगाची नाही.

शेवटी जी घ्याल, तिचे इम्पोर्ट एकाच क्लासमध्ये ठेवा. बाकीच्या कोडने फक्त ‘ही पावती छाप’ एवढंच म्हणावं. मग बदलायची वेळ आली तर तो एक क्लास नव्याने लिहावा लागेल.