गळीत सुरू होताना आधी स्टीम ट्रॅप बघ

बेळगाव, चिकोडीकडच्या साखर कारखान्यांत ऑफ सीझनमध्ये वाफेची लाइन महिनोन्‌महिने थंड असते. आत गंज धरतो आणि पहिल्या वाफेबरोबर त्याच्या खपल्या सुटतात. त्यातल्या काही आधी ट्रॅपच्या स्ट्रेनरच्या जाळीत अडकतात, आणि ज्या उरतात त्या ट्रॅपमधल्या उघडझाप करणाऱ्या चकतीखाली.

ट्रॅपने लाइनमधलं पाणी आणि हवा बाहेर सोडायची, वाफ आत ठेवायची. जाळी तुंबली की पाणी साचतं, वाफ ते पुढे ढकलते आणि बेंडवर, व्हॉल्व्हवर हातोडा मारल्यासारखे दणके बसतात. असा ट्रॅप गारसर लागतो. चकतीखाली खपली अडकली तर उलट: ट्रॅप उघडाच राहतो, गरम असतो म्हणून ठीक वाटतो, आणि वाफ फुकट जाते. हा प्रकार जास्त फसवा.

नुसती पांढरी वाफ बघून ट्रॅप बदलू नकोस. ७ बारच्या लाइनमधलं पाणी सुमारे १७० अंशांवर असतं. उघड्यावर येताच त्यातलं साधारण १३ टक्के वाफ होतंच. चकतीचा ट्रॅप थांबून थांबून टक् करून सोडत असेल तर चांगला. सलग सुसाट आवाज, तोंडाशी आरपार दिसणारा झोत आणि पुढे जाऊन पांढरा होणारा ढग, म्हणजे ताजी वाफ निसटतेय.

मग दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद कर, दाब शून्यावर आण, थंड होऊ दे. जाळी धू, चकती आणि ती जिच्यावर टेकते ती बैठक पूस. बैठकीवर खोल चरे असतील तर ट्रॅप बदलच.