फारसीत तगादा लावताना

प्रश्न: ‘दुबईतल्या एका इराणी कंपनीला आम्ही कॅटलॉग डिझाइन करून दिला. एक महिना झाला, बिलाचे पैसे थकलेत. एकदा आठवण करून झाली. आता दुसरा मेल फारसीत पाठवायचाय, कारण त्यांचा हिशेबनीस फारसीच नीट वाचतो. आमच्या इंग्रजी मसुद्यात फ्रेंडली रिमाइंडर, ओव्हरड्यू, आणि शेवटी पैसे भरले असतील तर दुर्लक्ष करा, असं आहे. “दोस्ताना याददेहानी”, “तगादा”, “ताकीद” हे शब्द चालतील का? ठाम हवंय, उद्धट नको.’

तिन्ही शब्द टाळा. ‘याददेहानी’ हा उर्दूचा शब्द आहे, तेहरानचा माणूस ‘यादआवरी’ म्हणतो. ‘यादआवरी-ये दूस्ताने’ असं इंग्रजीवरून बेतलेलं फारसीत दिसतं, पण कंपनीच्या पत्रात ते खटकतं. दोस्तीचा उल्लेख तिथे कुणी अपेक्षित करत नाही, आणि केला की वाचणाऱ्याला त्यात दबलेली धमकी ऐकू येते. नुसतं ‘यादआवरी’ पुरे.

‘तगादा’ची गोष्ट मला फार आवडते. मूळ शब्द अरबी, फारसीतून आपल्याकडे आलेला. अरबीत त्याचा अर्थच मुळी येणं मागणं, कर्ज परत मागणं असा आहे, आणि मराठीने तो जसाच्या तसा जपला. आजच्या फारसीत मात्र ‘तकाझा’ म्हणजे साधी विनंती किंवा मागणी. अर्थशास्त्रातल्या मागणी-पुरवठ्यातली मागणीसुद्धा ‘तकाझा’च. तुमच्या मनातला तगादा त्या शब्दातून पोहोचणारच नाही. ‘ताकीद’चं उलट झालं. आपण ‘सक्त ताकीद’ म्हणतो तेव्हा दम देत असतो, इराणात ‘तअकीद’ म्हणजे फक्त भर देणं, एखादा मुद्दा ठासून सांगणं. ‘हप्ता’ शब्द मनात असेल तर तोही सोडा, फारसीत ‘हफ्ते’ म्हणजे आठवडा. पैशांच्या हप्त्याला ‘केस्त’ म्हणतात, आपल्या ‘किस्ती’चा तो सख्खा भाऊ. ‘रक्कम’ही फसवी: ‘रकम’ म्हणजे आकडा, रकमेला ‘मब्लग’. मराठी हिशेबाची भाषा फारसीने भरलेली आहे म्हणून आपल्याला ती ओळखीची वाटते, आणि नेमकी तिथेच चूक होते.

आता ‘ओव्हरड्यू’. शब्दकोशात पहिला सापडेल तो ‘मोअव्वक’. पण इराणी बँकांच्या वर्गवारीत थकीत कर्जाच्या पायऱ्या आहेत: आधी ‘सररेसीद-गोझश्ते’ म्हणजे मुदत उलटलेलं, मग ‘मोअव्वक’, त्यापुढे ‘मश्कूक-ओल-वोसूल’ म्हणजे ज्याच्या वसुलीचीच शंका आहे ते. आपला ‘वसूल’ तिथे तसाच बसलेला दिसेल. हिशेबनिसाला या पायऱ्या ठाऊक असणार. एका महिन्याच्या बिलाला ‘मोअव्वक’ म्हटलंत तर तुम्ही एक पायरी ओलांडून बोलताय असं त्याला वाटेल. ‘सररेसीद’ म्हणजे देय तारीख; ती अमुक दिवशी होती आणि पैसे आलेले नाहीत, एवढंच सांगावं.

ठामपणा कुठून येतो, हा तुमच्या प्रश्नाचा गाभा. फारसी व्यवहारपत्रात तो क्रियापदांत नसतो. क्रियापदं मऊच राहतात, उलट इंग्रजीपेक्षा कितीतरी मऊ. कठीण असतात ती तारीख, रक्कम, आधीच्या पत्राचा दाखला आणि एखादी अट. मसुदा करताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या: सगळी नम्रता क्रियापदांना द्यायची आणि सगळा ठामपणा आकड्यांना.

तुमची रक्कम आणि तारखा मला ठाऊक नाहीत, म्हणून कल्पित घालून एक मसुदा देतो. उच्चार तेहरानचे धरलेत आणि नुक्ते गाळलेत.

‘मोवझू: यादआवरी-ये परदाख्त-ए सूरत-हेसाब-ए शोमारे-ये ११८

जनाब-ए आका-ये …
बा सलाम व एहतेराम,

पेयरोव-ए ईमेल-ए मोवर्रख-ए २५ सेप्तांब्र, बे एत्तेला मीरसानद सररेसीद-ए सूरत-हेसाब-ए शोमारे-ये ११८ बे मब्लग-ए १८,४०० देरहम, तारीख-ए १० सेप्तांब्र-ए २०२५ (१९ शहरीवर १४०४) बूदे व ताकोनून वज्ही अझ ईन बाबत दर्याफ्त नशोदे अस्त.

खाहेशमंद अस्त दस्तूर फरमायीद मब्लग-ए यादशोदे हद्द-ए अक्सर ता पायान-ए वक्त-ए एदारी-ये रूझ-ए चहारशंबे २२ ओक्तोब्र-ए २०२५ (३० मेहर १४०४) बे हेसाब-ए ईन शेरकत वारीझ शवद. चेनांचे परदाख्त अंजाम शोदे अस्त, लोत्फन तस्वीर-ए फीश-ए वारीझी रा एरसाल फरमायीद.

बदीही अस्त तहवील-ए फाइलहा-ये मरहले-ये बअद मनूत बे तस्विये-ये ईन सूरत-हेसाब खाहद बूद.

बा तजदीद-ए एहतेराम’

थोडक्यात अर्थ: २५ सप्टेंबरच्या आमच्या मेलला अनुसरून कळविण्यात येते की ११८ क्रमांकाच्या, १८,४०० दिरहॅमच्या बिलाची देय तारीख १० सप्टेंबर होती आणि याबाबत अद्याप रक्कम मिळालेली नाही. उपरोक्त रक्कम जास्तीत जास्त बुधवार २२ ऑक्टोबरच्या कामकाजाच्या वेळेअखेर आमच्या खात्यात जमा व्हावी, असा आदेश देण्याची कृपा व्हावी. भरणा झाला असल्यास भरणापावतीची प्रत पाठवावी. पुढच्या टप्प्यातल्या फाइली देणं या बिलाच्या पूर्ततेवर अवलंबून राहील, हे उघड आहे.

मजकुराचा पहिला शब्द ‘पेयरोव’. आपल्याच आधीच्या पत्राला धरून लिहायचं तर ‘पेयरोव’, समोरच्याच्या पत्राला उत्तर द्यायचं तर ‘अत्फ बे’. इथे तुम्हाला उत्तर आलेलंच नाही, म्हणून ‘पेयरोव’ हवा. त्या एका शब्दात ‘आम्ही आधी लिहिलं होतं’ हा दाखला येतो, तक्रारीचा सूर न लावता. ‘अत्फ’ घातलात तर हिशेबनीस स्वतः पाठवलेलं पत्र शोधत बसेल.

‘मीरसानद’ बघा. अर्थ ‘पोहोचवतो’, पण कोण पोहोचवतो ते वाक्यात नाही. ‘खाहेशमंद अस्त’ तसंच, इच्छा कुणाची ते लपलेलं. आपल्या सरकारी मराठीतल्या ‘कळविण्यात येते’, ‘विनंती करण्यात येते’ची हीच रीत, फक्त फारसीत हे रुक्ष वाटत नाही, सभ्य वाटतं. इंग्रजी मसुद्यातला ‘आम्ही’ दर वाक्यात फारसीत आणलात तर मेल अंगावर आल्यासारखा होतो.

इथे एक बारकावा आहे. वरिष्ठाला कळवताना ‘बे एस्तेहझार मीरसानद’ लिहितात, बरोबरीच्याला ‘बे एत्तेला मीरसानद’. पहिल्या आठवणीत मी ‘एस्तेहझार’ लिहिला असता, दुसरीत ‘एत्तेला’वर उतरलो. इराणी वाचकाला तेवढा फरक कळतो. ‘खाहेशमंद अस्त’चंही असंच: त्याच्यावर ‘मोस्तदई अस्त’ आहे, पण त्याला अर्जदाराचा वास येतो, आणि खाली ‘मोक्तझी अस्त’ आहे, तो वरचा अधिकारी खालच्याला लिहितो. येणं तुमचं आहे, त्यामुळे अर्जदार व्हायचं कारण नाही, आणि त्यांचे साहेबही तुम्ही नाही. मधलाच धरा.

‘दस्तूर फरमायीद’ हा मसुद्यातला सगळ्यात फारसी भाग. ‘पैसे भरा’ असं कुठेही म्हटलेलं नाही. ‘पैसे जमा होतील असा हुकूम आपण फर्मावावा’ असं म्हटलंय. ‘फरमूदन’ म्हणजे आज्ञा करणं, आपलं ‘फर्मान’ नि ‘फर्मावणं’ त्यातलंच. मराठीत ‘त्याने फर्मावलं’ म्हटलं की थोडी नाराजी असते, फारसीत ‘करणे’च्या जागी ‘फरमूदन’ वापरला की समोरच्याचा मान राहतो. देणेकऱ्याला हुकूम सोडणारा केलं की ‘तुम्ही का नाही दिले’ हा प्रश्नच उरत नाही. हिशेबखात्याकडून राहिलं असेल, आपण सांगून टाका, एवढीच वाट उघडी राहते. बहुतेक लोक ती घेतात.

पण याच मऊपणात एक खड्डा आहे. इराणी दुकानदार किंमत विचारली की ‘काबेली नदारद’ म्हणतो, म्हणजे ‘त्यात काय एवढं’. त्यावर कुणी पैसे न देता निघत नाही, तो तआरोफ आहे, शिष्टाचाराचा एक फेरा. मेलमध्ये तुम्ही ‘आपल्या सवडीने’ लिहिलंत तर हिशेबनिसाला तो तआरोफ मानता येईल किंवा खरी सवलतही मानता येईल, आणि तो सवलत मानेल. ‘दर अस्रअ-ए वक्त’ म्हणजे ‘शक्य तितक्या लवकर’, त्यातही दिवस नाही. म्हणून वार, तारीख, आणि ‘कामकाजाच्या वेळेअखेर’. इराणी तारीख कंसात देण्याचं कारण साधं: वर्ष तिकडे नवरोजला बदलतं आणि हिशेबनिसाच्या वहीत बहुधा मेहर महिना असेल, ऑक्टोबर नाही. आकडेमोड त्याच्यावर टाकू नका.

‘दुर्लक्ष करा’ हे वाक्य मी काढून टाकलंय. इंग्रजीत ते सौजन्य असतं, पण त्याने वाचणाऱ्याला काही न करण्याची मुभा मिळते. त्याऐवजी भरणापावतीची प्रत मागितली आहे. पैसे खरंच भरले असतील तर प्रत पाठवायला मिनिट लागतं. भरले नसतील तर त्याला ते कळून येतं. ‘फीश’ हा फ्रेंचमधून आलेला शब्द, बँकेच्या स्लिपसाठी रोजच्या वापरातला.

शेवटचं वाक्य सगळ्यात कठीण आहे आणि तरी त्यात एकही कडक शब्द नाही. इंग्रजीतल्या ‘अन्यथा’ला फारसी ‘दर गैर-ए ईन सूरत’ आहे, पण त्याने वाक्याला नोटिशीचा रंग चढतो. ‘बदीही अस्त … मनूत बे’ म्हणजे ‘हे उघडच आहे की अमुक गोष्ट तमुकवर अवलंबून आहे’. कुणी कुणाला धमकावत नाही, नियमच तसा आहे, असा सूर. मात्र हे वाक्य तुमच्या हातात खरोखर पुढच्या फाइली असतील तरच ठेवा. काम संपलं असेल तर काढा. पोकळ अट हिशेबनीस लगेच ओळखतो.

आणखी एक, पाठवण्याआधीचं. फारसी उजवीकडून डावीकडे जाते, आणि त्या ओळीत खातेक्रमांक किंवा तिरपी रेघ असलेला बिलक्रमांक घातला की पडद्यावर आकड्यांचे तुकडे जागा बदलतात. खातेक्रमांक आणि बँकेचं नाव वेगळ्या ओळीत, डावीकडून लिहा, आणि आधी स्वतःलाच एक मेल पाठवून फोनवर उघडून बघा.

तारीख टळली तर तिसऱ्या पत्राला ‘एख्तार’ म्हणतात, आणि तिथे ‘फरमायीद’ राहिलं तरी ‘दस्तूर’ जातो. त्यापुढे इराणात ‘एझहारनामे’ आहे, दावा लावण्याआधी आपलं येणं कायदेशीर नोटिशीने मागायचा रस्ता. पण ती इराणी कंपनी दुबईत नोंदवलेली असेल तर तिथला कायदा लागू होईल, आणि ते पत्र तिथल्या वकिलानेच लिहावं.