पेशी दीडशे, उंदीर तीनच

प्रिय,

तुझा मसुदा काल रात्री वाचला. प्रस्तावनेबद्दल नंतर बोलू. आज फक्त तिसऱ्या आकृतीखालच्या ओळीबद्दल लिहिते: "n = १५०, p < ०.०००१". हे दीडशे कुठून आले ते शोधायला मला पद्धतींचा भाग दोनदा वाचावा लागला. प्रत्येक गटात उंदीर तीन, आणि प्रत्येकाच्या यकृताच्या छेदांतून पन्नास-पन्नास पेशींचं क्षेत्रफळ मोजलेलं. म्हणजे पेशी दीडशे आहेत, पण n तीन आहे.

तू म्हणशील, पेशी तर खरोखर दीडशेच मोजल्या. मोजल्यास, मान्य. पण औषध पेशींना एकेक करून दिलं नव्हतंस, उंदराला दिलं होतंस. कुणाला औषध आणि कुणाला नुसतं सलाईन, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलंस तेव्हा चिठ्ठ्या किती होत्या? सहा. तेवढीच तुझ्या प्रयोगातली स्वतंत्र एककं. एका उंदराच्या पन्नास पेशी एकाच रक्तावर वाढलेल्या, एकाच दिवशी कापलेल्या, एकाच रंगद्रव्यात बुडवलेल्या असतात. पहिल्या दहा मोजल्या की अकरावी साधारण कुठे पडेल याचा अंदाज येतो, आणि ज्याचा अंदाज आधीच येतो ते निरीक्षण स्वतंत्र कसं म्हणायचं?

तुझ्याच तक्त्यातून मी उंदीरनिहाय सरासरी काढली. सलाईनवाले तीन: ३२८, ३८० आणि ४०८ चौरस मायक्रोमीटर. औषधवाले: ३९२, ४४० आणि ४६४. गटांच्या सरासऱ्या ३७२ आणि ४३२, फरक ६०. दीडशे पेशी सुट्या धरल्या की या फरकाची प्रमाण त्रुटी जेमतेम १० येते, t सहाच्या घरात जातो आणि p त्या चार शून्यांपर्यंत घसरतो. आता सहा उंदरांच्या सहा सरासऱ्या घेऊन तीच टी-चाचणी कर. प्रमाण त्रुटी ३२ च्या आसपास, t = १.९, स्वातंत्र्यांश ४ आणि p साधारण ०.१३. फरक तोच आहे, खात्री मात्र उडाली. आकडे नुसते डोळ्यांनी पाहिलेस तरी कळेल: सलाईनचा एक उंदीर (४०८) औषधाच्या एका उंदराच्या (३९२) पुढे आहे.

याला छद्म पुनरावृत्ती, म्हणजे स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात. हा शब्द रूढ केला स्टुअर्ट हर्लबर्ट या परिसंस्थाशास्त्रज्ञाने, १९८४ च्या लेखात. मैदानी प्रयोगांबद्दल लिहिलेलं ते दुखणं प्रयोगशाळेतही तितकंच मुरलेलं आहे. दुसऱ्याच्या लेखात ते पकडायची माझी सवय सांगते: कंसातला स्वातंत्र्यांश बघायचा. सहा उंदरांच्या प्रयोगात t(२९८) दिसलं की पुढचं वाचायच्या आधी पेन्सिल हातात घ्यायची.

तांत्रिक पुनरावृत्ती, आपण टेक्निकल रेप्लिकेट म्हणतो ती, त्याच नमुन्यावर तेच मोजमाप पुन्हा. एकाच आरएनएमधून क्यूपीसीआरच्या तीन वेल भरल्यास तर त्या तुझ्या पिपेटबद्दल आणि यंत्राबद्दल सांगतात. तिघींत एक Ct बाकीच्या दोघींपासून अर्ध्या सायकलहून जास्त लांब गेला तर पिपेटिंगवर संशय घ्यावा. पण औषधाबद्दल त्या वेल काही सांगत नाहीत. त्यांची सरासरी काढायची आणि पुढे एकच आकडा न्यायचा. जैविक पुनरावृत्ती म्हणजे नवा उंदीर, नवा दाता. तुझ्या पन्नास पेशी या दोन्हींच्या मधल्या: पेशी खरंच वेगवेगळ्या आहेत, म्हणून त्यांना निव्वळ तांत्रिक म्हणवत नाही, पण औषधाच्या प्रश्नापुरत्या त्या एका उंदराचे उपनमुनेच.

पेशीरेषेच्या प्रयोगात हे आणखी निसरडं होतं. एकाच फ्लास्कमधून एकाच सकाळी भरलेल्या तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या पेशी, औषधाचं नव्याने केलेलं द्रावण, असं तीनदा केलंस तर n = ३ लिही. तरी तो निष्कर्ष त्या एका पेशीरेषेपुरता, हेही लिही.

मी स्वतः याहून वाईट केलं आहे. विद्यार्थी असताना आरएनए कमी पडत होता म्हणून एका गटातल्या तीन उंदरांचा एका नळीत मिसळला, तीन वेल भरल्या आणि n = ३ लिहून मोकळी झाले. परीक्षकाने एवढंच विचारलं, "उंदराउंदरांतला फरक किती होता?" उत्तर नळीतच विरघळून गेलं होतं. मिसळलेल्या नमुन्यातून सरासरी मिळते, पसारा मिळत नाही. तो n एक होता.

आता करायचं काय? पेशी आणखी मोजायचा मोह आवर. हिशेब करून पाहिला: प्रत्येक उंदरामागे पन्नासऐवजी दोनशे पेशी मोजल्यास तर प्रमाण त्रुटी ३२ वरून ३१ वर येते. कित्येक दिवस सूक्ष्मदर्शकावर मान मोडून एवढीच कमाई! कारण या प्रमाण त्रुटीतला मुख्य वाटा उंदराउंदरांतल्या फरकाचा आहे, पेशीपेशींतल्या फरकाचा नाही. प्रत्येक गटात त्याच दीडशे पेशी सहा उंदरांतून, प्रत्येकी पंचवीस, घेतल्यास तर प्रमाण त्रुटी २३ च्या आसपास येईल. मात्र आजचा p बघून जुन्या गटांत तीन-तीन उंदीर भरत जाऊ नकोस. सहा-सहाचा नवा संच आधी ठरवून कर.

सगळ्या पेशी विश्लेषणात ठेवायच्या असतील तर मिश्र प्रतिमान वापर, उंदीर यादृच्छिक घटक धरून:

```r
library(lmerTest)
m <- lmer(area ~ group + (1 | mouse), data = d)
summary(m)
```

तुझ्यासारख्या समसमान विदेवर हे जवळपास सरासऱ्यांच्या टी-चाचणीचंच उत्तर देईल, स्वातंत्र्यांश चारच दाखवेल. तीन उंदरांचे सहा कुठलंही प्रतिमान करू शकत नाही. त्याचा खरा उपयोग पेशींची संख्या उंदरागणिक बदलते तेव्हा. `mouse` चे क्रमांक दोन्ही गटांत १ ते ३ असे ठेवू नकोस, १ ते ६ दे. नाहीतर सलाईनचा पहिला आणि औषधाचा पहिला हे एकच जनावर समजलं जाईल.

आकृतीखालची ओळ अशी कर: "प्रत्येक गटात n = ३ उंदीर; प्रत्येक उंदरातून ५० पेशी. मोठे ठिपके उंदरांच्या सरासऱ्या, फिकट ठिपके सुट्या पेशी. त्रुटिरेषा: उंदरांच्या सरासऱ्यांचं प्रमाण विचलन. चाचणी उंदरांच्या सरासऱ्यांवर." ओळ लांबते, लांबू दे. 'ठळक वाढ' हे शब्द मात्र निकालातून काढावे लागतील. "वाढीचा कल दिसला" असंही नको. फरक ६०, ९५ टक्के विश्वासांतर साधारण उणे २८ ते १४८, एवढं लिहून थांब.

सस्नेह.

ता. क. तक्त्यात पिंजऱ्याचा रकाना दिसला नाही. औषध टोचून दिलंस की पिण्याच्या पाण्यातून? पाण्यातून दिलं असेल आणि औषधाचे तिन्ही उंदीर एकाच बाटलीला तोंड लावत असतील, तर चिठ्ठी उंदरावर नाही, पिंजऱ्यावर पडली. मग n तीनही राहत नाही, आणि वरचा सगळा हिशेब मला परत करावा लागेल. पिंजऱ्यांची नोंदवही बघून आजच कळव.